क्रॉसबारच्या तोंडाशी अडकलेली रांग: हेड-ऑफ-लाइन ब्लॉकिंग मोजायचं कसं आणि सोडवायचं कसं

इनपुटला रांगा असलेल्या स्विचचं छोटं सिम्युलेशन लिहिणाऱ्यांच्या दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. पहिली अशी: "पुस्तकात थ्रूपुट ५८.६ टक्के दिलंय, माझं ६३ येतंय." दुसरी अशी: "प्रत्येक आउटपुटसाठी वेगळी रांग केली, तरी थ्रूपुट वाढलंच नाही." दोन्ही चुका कोडच्या एखाद-दुसऱ्या ओळीत लपलेल्या असतात आणि प्रोग्राम बिनतक्रार चालतो, त्यामुळे त्या सापडत नाहीत. हा लेख त्या ओळींपर्यंत पोचण्यासाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा, कारण पुढच्या टप्प्याची तपासणी मागच्या टप्प्यातल्या आकड्यावर उभी आहे.

## पूर्वतयारी: मॉडेल कागदावर पक्कं करा

राउटरमध्ये आलेलं पॅकेट ठरावीक लांबीच्या सेलमध्ये कापलं जातं. एक सेल पाठवायला लागणारा वेळ म्हणजे एक स्लॉट. सेल ६४ बाइटचा आणि लाइन १० गिगाबिट प्रतिसेकंदाची असेल, तर स्लॉट ५१.२ नॅनोसेकंदांचा. जो काही निर्णय घ्यायचा तो एवढ्या वेळात घ्यायचा असतो.

स्विचमध्ये इनपुट आणि आउटपुट एकमेकांना जोडणारा भाग म्हणजे क्रॉसबार. त्याचा नियम सोपा आहे. एका स्लॉटमध्ये एक इनपुट फार तर एका आउटपुटला जोडला जातो, आणि एक आउटपुट फार तर एका इनपुटला. कोण कोणाला जोडला जाणार हे आर्बिटर ठरवतो.

आता प्रत्येक इनपुटला एकच साधी रांग आहे असं धरा. इनपुट १ च्या तोंडाशी आउटपुट ३ चा सेल आहे आणि त्याच्या मागे आउटपुट २ चा. इनपुट २ च्या तोंडाशीही आउटपुट ३ चाच सेल आहे. आर्बिटरने इनपुट २ ला निवडलं. आउटपुट २ रिकामा बसलाय, त्याच्यासाठीचा सेल इनपुट १ मध्ये हजर आहे, तरी तो जाऊ शकत नाही, कारण पुढचा सेल वाट अडवून उभा आहे. हेच हेड-ऑफ-लाइन ब्लॉकिंग.

एका स्लॉटमध्ये कामं कोणत्या क्रमाने होणार तेही आधीच लिहून ठेवा: आधी नवे सेल येतील, मग आर्बिटर जोड्या ठरवेल, मग सेल जातील. तोंडाशी आलेला पुढचा सेल पुढच्या स्लॉटमध्येच स्पर्धेत उतरेल.

सावधान: जोड्या ठरवतानाच रांगेतून सेल काढून टाकला, तर त्याच स्लॉटमध्ये त्याच इनपुटचा दुसरा सेलही निघून जाऊ शकतो. मग थ्रूपुट संशयास्पद चांगलं दिसतं. आधी सगळ्या जोड्या ठरवा, सेल त्यानंतर हलवा.

## टप्पा १: ही अडवणूक आहे की नुसती गर्दी?

बरेच जण ही पायरी गाळतात आणि पुढचे दोन दिवस भलत्याच गोष्टीमागे लागतात. एखाद्या आउटपुटकडे त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त सेल येत असतील, तर रांग वाढणारच. तिथे कोणताही आर्बिटर काही करू शकत नाही.

म्हणून भाराचा तक्ता मांडा. ओळी इनपुटच्या, स्तंभ आउटपुटचे, आणि प्रत्येक चौकटीत त्या जोडीसाठी दर स्लॉटमागे सरासरी किती सेल येतात ते लिहा. प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज १ पेक्षा कमी हवी. एकाही स्तंभाची बेरीज १ च्या वर गेली, तर त्या भारावर हेड-ऑफ-लाइन ब्लॉकिंगबद्दल काही निष्कर्ष काढू नका.

तक्ता ठीक असेल तर एक मोजणीयंत्र जोडा. दर स्लॉटला प्रत्येक आउटपुटबद्दल विचारा: तो रिकामा राहिला का, आणि त्याच वेळी त्याच्यासाठीचा सेल कुठल्या तरी इनपुटमध्ये होता का? दोन्ही उत्तरं "हो" असली, तर एक वाया गेलेली संधी नोंदवा. साध्या रांगेच्या स्विचमध्ये ही संख्या म्हणजे अडवणुकीचा थेट पुरावा असतो. पुढे आर्बिटर बदलला की हीच संख्या त्याच्या अपुरेपणाचं माप देते.

खऱ्या राउटरवर रांगेच्या आतलं सहसा दिसत नाही, पण खूण तीच असते: इनपुट बाजूला सेल टाकून दिले जातायत आणि त्यांच्या आउटपुट लाइन मात्र अर्ध्या रिकाम्या आहेत. आउटपुट लाइन भरलेली असेल, तर ती गर्दी.

## टप्पा २: दोन पोर्टांचं गणित हाताने सोडवा

इनपुट कधीच रिकामे होत नाहीत आणि प्रत्येक नवा सेल दोनपैकी कुठल्याही आउटपुटकडे सारख्याच शक्यतेने जातो असं धरा. मग तोंडाशी असलेले दोन सेल एक तर वेगवेगळ्या आउटपुटचे असतात किंवा एकाच.

वेगवेगळे असतील तर दोन्ही जातात आणि दोन नवे सेल तोंडाशी येतात. ते एकाच आउटपुटचे असण्याची शक्यता निम्मी. एकाच आउटपुटचे असतील तर एक जातो, एक थांबतो. थांबलेल्याशी नव्या सेलचं आउटपुट जुळण्याची शक्यताही निम्मी. म्हणजे निम्म्या स्लॉटमध्ये दोन सेल जातात, निम्म्यांत एक. सरासरी दीड सेल, दोन पोर्टांमागे ७५ टक्के.

पोर्ट वाढले की हा आकडा उतरतो: ४ पोर्टांना ६५.५३ टक्के, ८ पोर्टांना ६१.८४, आणि पोर्ट वाढवत नेले की `2 − √2`, म्हणजे ५८.५८ टक्क्यांवर स्थिरावतो. ही मर्यादा कॅरोल आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली काढली. तुमच्या सिम्युलेशनने हेच आकडे द्यायला हवेत.

## टप्पा ३: साध्या रांगेचं सिम्युलेशन, आणि ६३ टक्क्यांचा सापळा

इनपुट कायम भरलेले धरल्यामुळे पूर्ण रांग साठवायची गरजच नाही. तोंडाशी कोण आहे एवढं पुरतं.

```python
import random

def fifo(N, T, warm):
    head = [random.randrange(N) for _ in range(N)]
    sent = 0
    for t in range(T):
        want = {}
        for i in range(N):
            want.setdefault(head[i], []).append(i)
        for ins in want.values():
            w = random.choice(ins)
            head[w] = random.randrange(N)
            if t >= warm:
                sent += 1
    return sent / (N * (T - warm))

print(fifo(8, 200000, 20000))
```

उत्तर ०.६१८ च्या आसपास यायला हवं. `warm` इतके सुरुवातीचे स्लॉट मोजणीतून वगळलेत, कारण पहिल्या स्लॉटला अडकलेला सेल एकही नसतो आणि तो काळ फुकटचा चांगला दिसतो.

आता तो सापळा. वरच्या कोडमध्ये फक्त जिंकलेल्या इनपुटलाच नवं आउटपुट मिळतं. हरलेल्याचा सेल तसाच राहतो, आणि अडवणूक म्हणतात ती नेमकी हीच. पुष्कळ जण मात्र प्रत्येक स्लॉटच्या सुरुवातीला सगळ्याच इनपुटांसाठी नवं आउटपुट काढतात. तसं केलं की अडकलेला सेल पुढच्या स्लॉटला जादूने दुसरीकडे जायला निघतो. तो अडकलेला राहतच नाही, आणि थ्रूपुट `1 − (1 − 1/N)^N` होतं. ८ पोर्टांना ६५.६ टक्के, आणि पोर्ट वाढत गेले की ६३.२. "माझं ६३ येतंय" म्हणणाऱ्यांचं कोड उघडलं की बहुतेक वेळा हेच निघतं.

ही चूक इतकी टिकते याला एक गमतीचं कारण आहे. २ पोर्टांसाठी तेच सूत्र मांडा: `1 − (1/2)^2`, म्हणजे ७५ टक्के. बरोबर कोड आणि चुकीचं कोड, दोघांचं उत्तर एकच! हाताने सोडवलेल्या दोन पोर्टांच्या उदाहरणावर तपासून निर्धास्त झालेला माणूस इथेच फसतो. मीही फसलो होतो. म्हणून तपासणी ४ पोर्टांवर करा: ६५.५ आलं तर ठीक, ६८.४ आलं तर सेलचं आउटपुट पुन्हा पुन्हा काढलं जातंय.

तपासणी: एकूण थ्रूपुट बरोबर आलं म्हणजे आर्बिटरही बरोबर आहे असं नाही. `random.choice(ins)` च्या जागी `ins[0]` लिहा, म्हणजे बरोबरीत कायम लहान क्रमांकाचा इनपुट जिंकेल. २ पोर्टांना एकूण आकडा ७५ टक्केच राहील, पण पहिला इनपुट १०० टक्के चालेल आणि दुसरा ५०. म्हणून इनपुटवार मोजणी ठेवा.

५८.६ हा तळ आहे असंही समजू नका. तो आकडा सेल स्वतंत्रपणे आणि समान वाटले जाण्यावर उभा आहे. चार इनपुटांवर आधी सगळे आउटपुट १ चे, मग सगळे आउटपुट २ चे, अशा लांब झुंडी एकाच क्रमाने आल्या आणि आर्बिटर पाळीपाळीने संधी देत असला, तर चारही रांगा एकाच आउटपुटसमोर तिष्ठत पुढे सरकतात. थ्रूपुट २५ टक्क्यांवर येतं.

## टप्पा ४: भार कमी ठेवून रांगेची लांबी बघा

आता रांगा खऱ्या ठेवा आणि दर स्लॉटला ठरावीक शक्यतेने सेल येऊ द्या. भार ५० टक्के ठेवलात तर सगळं सुरळीत दिसेल, आणि "माझ्या स्विचमध्ये अडवणूक नाहीच" असा निष्कर्ष निघेल. तो चुकीचा आहे. अडवणूक तिथेही आहे, तिने अजून क्षमता संपवलेली नाही एवढंच.

८ पोर्टांवर भार ८० टक्के करा. क्षमता ६१.८४ आहे, म्हणजे दर स्लॉटमागे प्रत्येक इनपुटवर ०.१८१६ सेल शिल्लक राहतो. एक लाख स्लॉटनंतर प्रत्येक रांगेत सुमारे १८,००० सेल दिसायला हवेत. स्लॉट दुप्पट केले की रांगही दुप्पट व्हायला हवी.

सावधान: इथे रांगेला कमाल मर्यादा घालू नका. मर्यादा असली की जास्तीचे सेल मुकाट गळून जातात, सरासरी विलंब आटोक्यात दिसतो आणि स्विच स्थिर असल्याचा भास होतो. मर्यादा घालायचीच असेल, तर गळालेल्या सेलची संख्या विलंबाच्या शेजारीच छापा.

## टप्पा ५: प्रत्येक आउटपुटसाठी वेगळी रांग

उपाय असा, की प्रत्येक इनपुटवर एका रांगेऐवजी दर आउटपुटमागे एक रांग ठेवायची. यांना आभासी आउटपुट रांगा किंवा व्हीओक्यू म्हणतात. ८ पोर्टांच्या स्विचमध्ये त्या एकूण ६४ होतात, ३२ पोर्टांच्या स्विचमध्ये १,०२४. आउटपुट ३ चा सेल अडला तरी आउटपुट २ चा सेल स्वतःच्या रांगेच्या तोंडाशीच उभा असतो.

इथली नेहमीची चूक मेमरीची. रांगा वेगळ्या केल्या, पण इनपुटची मेमरी सगळ्यांना सामायिक ठेवली आणि एका रांगेने किती जागा घ्यावी यावर बंधनच घातलं नाही. एक आउटपुट काही काळ तुंबला की त्याची रांग फुगत जाऊन सगळी मेमरी खाते, आणि रिकाम्या आउटपुटकडे जाणाऱ्या नव्या सेलला आत यायलाच जागा उरत नाही. क्रॉसबारच्या तोंडाशी असलेली अडवणूक मेमरीच्या दारात आली, इतकाच फरक. दर रांगेला कमाल जागा ठरवून द्या.

आणि रांगा वेगळ्या केल्याने काम अर्धंच होतं. आता प्रत्येक इनपुट एकाच वेळी अनेक आउटपुट मागू शकतो, त्यामुळे जोड्या लावणं पूर्वीपेक्षा अवघड झालंय.

## टप्पा ६: आर्बिटर, आणि पॉइंटर कधी हलवायचा

आयस्लिप ही पद्धत घेऊ, कारण ती हार्डवेअरमध्ये सहज बसते आणि तिच्यातली चूक शिकण्यासारखी आहे. तिचे तीन भाग:

1. मागणी: प्रत्येक इनपुट, ज्यांच्या रांगेत सेल आहे अशा सगळ्या आउटपुटांना मागणी पाठवतो.
2. देकार: प्रत्येक आउटपुट स्वतःच्या पॉइंटरपासून पुढे बघत जो पहिला मागणी करणारा इनपुट सापडेल त्याला देकार देतो.
3. स्वीकार: एकाहून जास्त देकार आले तर इनपुट स्वतःच्या पॉइंटरपासून पुढचा पहिला घेतो.

सगळा खेळ आउटपुटचा पॉइंटर कधी पुढे सरकवायचा यात आहे. सहज सुचणारं उत्तर म्हणजे देकार दिला की सरकवायचा. दोन पोर्टांवर, सगळ्या रांगा भरलेल्या आणि सगळे पॉइंटर १ वर ठेवून हे चालवून बघा.

पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही आउटपुट इनपुट १ ला देकार देतात. तो एकच घेऊ शकतो. दुसरा देकार वाया गेला, पण दोन्ही पॉइंटर मात्र २ वर गेले. दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही आउटपुट इनपुट २ ला देकार देतात. पुन्हा एकच सेल जातो, आणि दोन्ही पॉइंटर १ वर. दोन्ही आउटपुट हातात हात घालून फिरत राहतात आणि थ्रूपुट ५० टक्क्यांवर अडकतं. म्हणजे टप्पा २ मधल्या साध्या रांगेपेक्षाही वाईट! वेगळ्या रांगा करूनही काही वाढलं नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी ही ओळ तपासावी.

आता नियम बदला: देकार स्वीकारला गेला तरच आउटपुटचा पॉइंटर सरकेल. पहिला स्लॉट तसाच जातो. इनपुट १ ने आउटपुट १ घेतला, म्हणून आउटपुट १ चा पॉइंटर २ वर गेला. आउटपुट २ चा देकार नाकारला गेला, म्हणून त्याचा पॉइंटर १ वरच थांबला. दुसऱ्या स्लॉटमध्ये आउटपुट १ इनपुट २ ला देकार देतो आणि आउटपुट २ इनपुट १ ला. दोन्ही स्वीकारले जातात आणि दोन्ही पॉइंटर एकेक घर पुढे सरकतात, तेही वेगवेगळ्या जागी राहून. तिथून पुढे प्रत्येक स्लॉटला दोन सेल.

```python
def islip(voq, g, a, N):
    offer = [[] for _ in range(N)]
    for j in range(N):
        for k in range(N):
            i = (g[j] + k) % N
            if voq[i][j] > 0:
                offer[i].append(j)
                break
    pairs = []
    for i in range(N):
        if offer[i]:
            j = min(offer[i], key=lambda x: (x - a[i]) % N)
            pairs.append((i, j))
            g[j] = (i + 1) % N
            a[i] = (j + 1) % N
    return pairs
```

कोडमध्ये क्रमांक शून्यापासून सुरू होतात, वरच्या उदाहरणात एकापासून. `g[j]` बदलणारी ओळ स्वीकाराच्या लूपमध्ये आहे, देकाराच्या नाही, हे नीट पाहा.

तपासणी: सगळ्या रांगा भरलेल्या ठेवून ८ पोर्टांवर दर स्लॉटच्या जोड्या छापा. सुरुवातीला एकच जोडी दिसेल, काही स्लॉटांत संख्या वाढत जाऊन ८ वर पोचेल आणि तिथेच राहील. तशी स्थिरावली नाही, तर पॉइंटर चुकीच्या जागी सरकतोय.

## टप्पा ७: एकाच स्लॉटमध्ये अनेक फेऱ्या

एका फेरीनंतर काही इनपुट आणि आउटपुट मोकळे राहतात, जरी त्यांची जोडी लागू शकली असती. उरलेल्यांमध्ये तेच तीन भाग पुन्हा चालवले की जोड्या वाढतात. पण पॉइंटर फक्त पहिल्या फेरीतल्या स्वीकारावरच सरकवा. आउटपुटचा पॉइंटर ज्या इनपुटवर आहे, त्याचा नंबर लागेपर्यंत तिथून हलायचं नाही, याच हमीवर कोणीही उपाशी न राहणं अवलंबून आहे. दुसऱ्या फेरीत दुसऱ्याच इनपुटशी जोडी जमली म्हणून पॉइंटर हलवला, तर पहिल्या फेरीत ज्याला देकार दिला होता त्याला ओलांडून तो पुढे जातो. असं वारंवार होऊ शकतं. एकूण थ्रूपुटमध्ये हे दिसत नाही. प्रत्येक रांगेतल्या सगळ्यात जुन्या सेलचं वय छापलं तरच दिसतं.

## टप्पा ८: असमान भारावर चाचणी

समान भारावर आयस्लिप १०० टक्क्यांपर्यंत जाते. ती हमी असमान भाराला लागू नाही, आणि जास्त जोड्या लावणं हा त्यावरचा पूर्ण इलाजही नाही. तीन पोर्टांचा हा भार घ्या: इनपुट १ कडून आउटपुट १ आणि २ ला प्रत्येकी ०.४९, इनपुट २ कडून फक्त आउटपुट १ ला ०.४९, इनपुट ३ कडून फक्त आउटपुट २ ला ०.४९. कोणतीच बेरीज ०.९८ च्या वर नाही, म्हणजे टप्पा १ ची अट पूर्ण होते.

आता असा आर्बिटर कल्पा, जो दर स्लॉटला जास्तीत जास्त शक्य तेवढ्या जोड्या लावतो आणि बरोबरी झाली की चिठ्ठी टाकतो. इनपुट २ आणि ३ दोघांकडे एकाच स्लॉटमध्ये नवा सेल येण्याची शक्यता ०.४९ × ०.४९, म्हणजे ०.२४. इनपुट १ च्या दोन्ही रांगा भरलेल्या असताना दोन जोड्या तीन प्रकारे लागू शकतात, आणि त्यातल्या एका प्रकारात इनपुट १ ला काहीच मिळत नाही. म्हणजे त्याची सेवा फार तर `1 − 0.24/3`, अर्थात ०.९२. येतात ०.९८. त्याची रांग दर स्लॉटला निदान ०.०६ ने वाढत राहते, आर्बिटर शक्य तितक्या जोड्या लावत असूनही.

हा भार तुमच्या आर्बिटरवर चालवा आणि इनपुट १ च्या दोन रांगांची लांबी वेळेप्रमाणे काढा. ती सरळ रेषेत चढत असेल तर दोन वाटा आहेत. रांगेच्या लांबीला वजन देऊन सर्वाधिक वजनाच्या जोड्या निवडल्या, तर स्वतंत्र आवक आणि टप्पा १ ची अट एवढ्यावर स्थिरतेची हमी मिळते. पण तो हिशेब पोर्टांच्या घनात वाढतो आणि ५१ नॅनोसेकंदांत बसत नाही. दुसरी वाट म्हणजे क्रॉसबार लाइनच्या दुप्पट वेगाने चालवायचा. मग आणखी एकही जोडी भरता येणार नाही इतपत जोड्या लावणारा कोणताही आर्बिटर पुरतो. मात्र सेल आता लाइनपेक्षा वेगाने पोचतात, म्हणून आउटपुटलाही रांग ठेवावी लागते. एक-दोन फेऱ्यांची आयस्लिप "आणखी एकही जोडी नाही" ही अट पाळेलच असं नाही, त्यामुळे फेऱ्या वाढवून बघा.

दुप्पट वेग हाताशी असेल तर एक चाचणी विसरू नका. सलग ६५ बाइटची पॅकेटं पाठवा. सेल ६४ बाइटचा असेल तर प्रत्येक पॅकेटला दोन सेल लागतात आणि दुसरा जवळजवळ रिकामा जातो. दुप्पट वेगातला जवळपास सगळा फायदा तिथेच संपतो. स्विच ६४ बाइटवर उत्तम चालून ६५ वर कोलमडत असेल, तर आर्बिटरमध्ये चूक शोधत बसू नका.